बसल्यापासून सुसाट धावण्यापर्यंत नाडी: वर्गातल्या प्रयोगाची नोंद, चौथा मसुदा

आधीच्या तीन मसुद्यांत प्रयोग साधा होता. मुलांनी बसून नाडी मोजायची, मग पळून यायचं आणि पुन्हा मोजायची. दोन्ही वेळा पूर्ण एक मिनिट. आकडा वाढायचा, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी. जोरात पळून आलेल्या मुलाची नाडी भरभर चालून आलेल्या मुलाएवढीच निघायची. चूक मुलांच्या मोजण्यात नव्हती, मिनिटभर मोजण्यात होती. या मसुद्यात तेवढंच दुरुस्त केलं आहे, आणि प्रयोगाचा खरा धडाही तिथेच सापडतो.

धावणं थांबलं की हृदयाचे ठोके लगेच उतरायला लागतात, आणि लहान मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा लवकर उतरतात. म्हणजे मुलगी मोजत असते त्याच वेळी मोजायची गोष्ट निसटत असते. एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. दहा-अकरा वर्षांची मुलगी 30 सेकंद जोरात धावून थांबली. पहिल्या 10 सेकंदांत 28 ठोके पडले, पुढच्या दहा-दहा सेकंदांत 27, 25, 23, 21 आणि 20. बेरीज 144. मिनिटभर मोजलं तर वहीत 144 लिहिलं जाईल. पण थांबली तेव्हाचा वेग 28 गुणिले 6, म्हणजे 168 होता, आणि मिनिटाच्या शेवटी तो 120 वर आला होता. 144 हा या दोन्हींच्या मधला आकडा झाला. थांबतानाचा वेगही त्यात दिसत नाही आणि उतारही दिसत नाही.

म्हणून आता धावल्यानंतर फक्त 10 सेकंद मोजायचं आणि 6 ने गुणायचं. बसलेलं असताना मात्र 30 सेकंद मोजून 2 ने गुणायचं. दोन वेगळ्या पद्धती का, हे मुलांना जरूर सांगावं. 10 सेकंदांत एक ठोका चुकला की उत्तरात 6 चा फरक पडतो. 30 सेकंदांत तोच चुकला तर 2 चा. बसलेली नाडी फारशी हलत नाही, म्हणून निवांत मोजता येते. शिवाय श्वास आत घेताना ठोके थोडे जलद होतात आणि सोडताना मंदावतात. मुलांमध्ये हा फरक बोटाला जाणवण्याइतका असतो. थोडा वेळ मोजलं तर मोजणी श्वासाच्या कोणत्या टप्प्यात सापडली यावर उत्तर बदलतं. अर्ध्या मिनिटात बरेच श्वास होतात आणि हा चढउतार आपोआप मिटतो.

आता कृती. मुलांच्या जोड्या कराव्यात. एक धावेल, दुसरा मोजेल. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने साधारण दोन बोटं, हाड आणि शीर यांच्यामधल्या खोलगट जागेत तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्यात स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणारा स्वतःचेच ठोके मोजत बसतो. ठोका सापडला की तिथे पेनाने एक ठिपका काढावा. या मसुद्यातली सर्वांत उपयोगी भर हा ठिपकाच आहे. धावून आल्यावर जागा शोधण्यात 10 सेकंद गेले, तर वरच्या उदाहरणात 168 ऐवजी 162 मिळतात. 20 सेकंद गेले तर 150.

मानेवरची नाडी मोठी असते, तरी या वयात ती नको. मुलं जोरात दाबतात. तिथल्या रोहिणीवर दाब पडला की शरीराला रक्तदाब वाढल्यासारखा वाटतो आणि ठोके मंदावतात. क्वचित चक्करही येते.

पहिली मोजणी पाच मिनिटं शांत बसल्यावर. मधल्या सुट्टीतून नुकत्याच आलेल्या वर्गात ही पाच मिनिटं वगळू नयेत. मग मुलाने उभं राहायचं आणि एक मिनिटाने पुन्हा मोजायचं. उभं राहताच नाडी क्षणभर जास्तच उसळते, म्हणून तो मिनिट. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परत येणारं रक्त थोडं घटतं आणि ठोके वाढवून ते भरून काढलं जातं. काहीच काम न करता नाडी वाढते हे पाहून मुलं चकित होतात. इथे घाई करू नये.

मग 30 सेकंदांची जोरात धाव. मोजणारा शेवटच्या रेषेवर उभा असावा, म्हणजे धावणारा थांबताच ठिपक्यावर बोटं टेकवता येतात. शिट्टी एकच, शिक्षकांची. शिट्टीनंतरचा पहिला ठोका ‘एक’. कुणी ठोका पडताच स्वतः स्टॉपवॉच सुरू करत असेल, तर तो ठोका ‘शून्य’.

आकडे तोंडाने मोजणं इथे फसतं. सेकंदाला तीनच्या आसपास ठोके पडत असताना ‘सत्तावीस, अठ्ठावीस’ म्हणेपर्यंत पुढचा ठोका येऊन गेलेला असतो. म्हणून मोजणाऱ्याने एका हाताने नाडी धरावी आणि दुसऱ्या हाताने कागदावर प्रत्येक ठोक्याला टिंब मारावं. टिंबं नंतर मोजायची. यातही धोका आहे: हाताला लय लागली की तो नाडीकडे लक्ष न देता आपल्याच चालीने टिंबं मारत सुटतो. शंका आली तर दोन मुलांनी दोन मनगटांवर एकाच शिट्टीला मोजावं. फरक दोनपेक्षा जास्त आला तर ती नोंद बाद करावी.

पहिल्या मोजणीनंतर धावणाऱ्याने एकदम बसू नये, जागच्या जागी हळू पावलं टाकावीत. 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा थांबून दहा-दहा सेकंद मोजावं. या तीन आकड्यांचा आलेख काढला की उतार डोळ्यांना दिसतो: आधी तीव्र, मग सावकाश.

वर्गात समजावताना एवढं पुरतं. स्नायूंना काम करायला ऑक्सिजन लागतो आणि तो रक्त नेतं. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलतं. जोराच्या श्रमात ते चौपटीपर्यंत जातं, पण नाडी चौपट होत नाही, कारण प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही वाढतं. धाव सुरू होताच मेंदू आधी हृदयावरचा ब्रेक सोडतो, म्हणून पहिली उसळी काही सेकंदांतच येते. वेग वाढवणारी दुसरी यंत्रणा मागून येते. म्हणूनच 10 सेकंदांच्या धावेत नाडी पूर्ण चढत नाही आणि तीन मिनिटं सलग दोरीवरच्या उड्या मारणाऱ्याची नाडी त्या धावपटूपेक्षा जास्त निघू शकते. हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

220 वजा वय हे सूत्र या वर्गात वापरू नये. ते मुलांना लागू पडत नाही; त्यांची कमाल नाडी वयानुसार फारशी बदलत नाही आणि 200 च्या आसपास असते. आकड्यांवरून कोण ‘फिट’ हेही ठरवू नये. बसलेली नाडी एकाची 72 आणि शेजारच्याची 98 असली तरी दोघंही ठणठणीत असू शकतात.

ताप, दमा, हृदयाचा त्रास किंवा पूर्वी धावताना आलेली चक्कर यांची चौकशी आदल्या दिवशी पालकांकडे करावी. अशा मुलांना वेळ सांभाळायचं किंवा टिंबं मोजायचं काम द्यावं. धावताना छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या मुलाचा प्रयोग तिथेच थांबवावा आणि पालकांना कळवावं.

पाचव्या मसुद्यात धाव 15, 30 आणि 45 सेकंदांची करून बघायची आहे, प्रत्येक धाव वेगळ्या दिवशी. एकाच दिवशी केली तर आधीच्या धावेचा चढ पुरता उतरलेला नसतो आणि पुढचा आकडा फुगतो.