दाबमापक, लेखापरीक्षक आणि न दिसणारा प्रकल्प

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत औषध कारखान्यांसाठी नियंत्रण पॅनेल आणि त्यांची प्रणाली तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी गुणवत्तेचे काम पाहते. प्रत्येक चाचणी, तिच्यात सापडलेला दोष आणि त्याची दुरुस्ती यांची नोंद आमच्याकडे रेडमाइन या प्रकल्पांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जाते. काम संपले, ग्राहकाने सही केली, की प्रकल्प आर्काइव्ह करायचा असा शिरस्ता होता. त्यामागचा हेतू साधा होता: जुने प्रकल्प यादीत अडथळा होऊ नयेत आणि त्यांत कोणी चुकून काही लिहू नये.

गेल्या वर्षी एका ग्राहकाचे लेखापरीक्षक दोन दिवसांसाठी आले होते. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी एका दाबमापकाच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचा क्रमांक पुढे ठेवला. ते उपकरण पुढच्या कॅलिब्रेशनमध्ये मर्यादेबाहेर दाखवत असल्याचे आढळले होते, त्यामुळे आधीच्या कॅलिब्रेशनपासून तोपर्यंत त्यावर घेतलेल्या सर्व चाचण्यांचा फेरविचार आवश्यक होता. त्यांचा प्रश्न नेमका होता: हे उपकरण आमच्या कोणकोणत्या चाचण्यांत वापरले गेले?

मी सर्व प्रकल्पांत तो क्रमांक शोधला, तेव्हा चालू कामातील दोन नोंदी समोर आल्या. तेवढ्यावर उत्तर देता आले असते, परंतु हेच उपकरण आम्ही नुकत्याच संपलेल्या एका प्रकल्पातही नेले होते हे मला आठवत होते आणि त्या प्रकल्पाची एकही नोंद निकालात नव्हती. त्या प्रकल्पातील एका चाचणीचा दुवा माझ्याकडे जुन्या ईमेलमध्ये होता. तो उघडला तर `403` आणि `You are not authorized to access this page.` एवढेच दिसले. परवानगीचा गोंधळ असावा असे वाटून संगणक विभागातल्या तरुणाला बोलावले, तर त्याच्या प्रशासक खात्यालाही तोच संदेश मिळाला. प्रकल्पाचे मुख्य पान उघडल्यावर मात्र तो आर्काइव्ह केलेला आहे असे स्पष्ट लिहून आले.

“ताई, डेटा कुठे गेलेला नाही, फक्त दिसत नाही,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही डेटाबेसमध्ये पाहिले:

```sql
SELECT p.identifier, p.status, COUNT(i.id)
FROM projects p
LEFT JOIN issues i ON i.project_id = p.id
GROUP BY p.identifier, p.status;
```

यातील `status` चा आकडा 1 असेल तर प्रकल्प चालू, 5 असेल तर बंद आणि 9 असेल तर आर्काइव्ह. आर्काइव्ह करताना नोंदी कोठेही हलवल्या जात नाहीत. फक्त हा आकडा बदलतो. मात्र 9 झालेला प्रकल्प रेडमाइन शोधातून, सर्व प्रकल्पांच्या एकत्रित यादीतून आणि वेळेच्या अहवालांतूनही वगळते, तेही काही वगळले आहे असे कोठेही न सांगता. लेखापरीक्षणात खरा धोका हा आहे, कारण अपुरा निकाल आणि पूर्ण निकाल पडद्यावर अगदी सारखे दिसतात. माझ्या दोन नोंदींकडे पाहून तिसरी लपलेली आहे असे कोणालाही कळले नसते.

आम्हाला हवी असलेली सोय `Archive` ची नव्हती, `Close` ची होती. बंद केलेल्या प्रकल्पात वाचनाच्या परवानग्या चालू राहतात, नोंदी शोधात येतात, दुवे उघडतात आणि लिहिण्याची मुभा मात्र कोणालाच राहत नाही, अगदी प्रशासकालाही नाही. ही सोय 2012 पासून रेडमाइनमध्ये आहे. आमच्या दोन्ही गरजा तिनेच भागल्या असत्या.

पुढचे काम घाईत करण्यासारखे नव्हते. मुख्य प्रकल्प `Unarchive` केल्यावर तो बंद अवस्थेत परत येत नाही, थेट चालू होतो. म्हणजे लेखापरीक्षक समोर बसलेले असताना जुन्या नोंदी पुन्हा बदलता येण्याजोग्या होतात. शिवाय त्याखालचे उपप्रकल्प आपोआप परत येत नाहीत, ते एकेक करून उघडावे लागतात. आर्काइव्ह करताना मात्र ते सगळे एकदमच गेलेले असतात. आमच्या चाचण्या उपप्रकल्पांतच होत्या, त्यामुळे केवळ मुख्य प्रकल्प उघडून शोध घेतला असता तर पुन्हा अपुरेच उत्तर मिळाले असते. मी लेखापरीक्षकांना काय करत आहोत ते आधी सांगितले, वेळ नोंदवली आणि मग सर्व उपप्रकल्प उघडले.

तरीही क्रमांक सापडला नाही. प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत चाचणीला जोडलेली होती, पण रेडमाइनचा शोध जोडलेल्या फाइलचे नाव आणि वर्णन पाहतो, तिच्या आतील मजकूर वाचत नाही. फाइलींची नावे स्कॅनरने दिलेली होती. शेवटी दाबाशी संबंधित चाचण्या गाळून आम्ही प्रत्येकीची जोडपत्रे उघडून पाहिली. या प्रकल्पात त्या उपकरणावर चार चाचण्या झाल्या होत्या. त्यांपैकी तीनमध्ये मोजलेला दाब मर्यादेपासून इतका दूर होता की उपकरणाची चूक धरूनही निष्कर्ष बदलत नव्हता. चौथी चाचणी मात्र मर्यादेच्या अगदी जवळची होती, म्हणून ती पुन्हा घेण्याचे ठरले.

प्रकल्प पुन्हा बंद करण्यापूर्वी आम्ही काही गोष्टी मुद्दाम केल्या, कारण बंद झाल्यावर त्या करता येत नाहीत. उपकरणाच्या प्रमाणपत्र क्रमांकासाठी एक स्वतंत्र कस्टम फील्ड तयार करून त्याला `Searchable` आणि `Used as a filter` या खुणा केल्या आणि चाचण्यांत क्रमांक भरले. जुन्या नोंदीत असे नंतर भरणे योग्य आहे का, असे लेखापरीक्षकांनी विचारले. मी त्यांना नोंदीचा इतिहास दाखवला: क्रमांक कोणी व कोणत्या दिवशी भरला हे तिथे माझ्या नावासह दिसते, आणि चाचणी मूळ कधी बंद झाली ती तारीख बदलत नाही. ते त्यांना पटले.

‘लेखापरीक्षण’ नावाचा एक गटही आम्ही केवळ वाचनाच्या परवानग्या देऊन सदस्य म्हणून घातला. पुढे कोणालाही जुनी कामे दाखवायची झाली तर प्रशासन विभागातून त्या व्यक्तीला गटात घालणे पुरते; त्यासाठी प्रकल्प उघडावा लागत नाही.

याच ओघात त्या तरुणाने नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्यांची खाती काढून टाकायची यादी मला दाखवली. मी ती तिथेच थांबवली. रेडमाइनमध्ये खाते काढून टाकले की त्या माणसाने लिहिलेल्या नोंदी आणि टिपा अनामिक वापरकर्त्याच्या नावावर जातात, मग चाचणी कोणी घेतली याला उत्तरच उरत नाही. खाते लॉक केले तर लॉगिन बंद होते आणि नाव जागेवर राहते. यादीतील सर्व खाती लॉक केली.

मग मुख्य प्रकल्प `Close` केला. त्याने उपप्रकल्पही सोबत बंद झाले. वरील प्रश्न डेटाबेसला पुन्हा विचारून यांपैकी प्रत्येक प्रकल्पासमोर 5 आहे आणि नोंदींची संख्या तीच आहे हे तपासले, आणि लेखापरीक्षकांसमोर तो क्रमांक पुन्हा शोधून दाखवला. या वेळी सहाही नोंदी एकत्र आल्या. एक उणीव राहते: प्रकल्प कोणी बंद केला किंवा पुन्हा उघडला याचा इतिहास रेडमाइन स्वतः ठेवत नाही. त्यासाठी आम्ही बदल-नोंदवहीत वेगळे पान ठेवले आहे, आणि प्रशासक खाते आता दोघांकडेच आहे.