साठ मिलिग्रॅमपासून दहापर्यंत

"ताई, गोळ्यांनी ऐकू यायला लागलं म्हणता, मग आता त्या सोडून का देत नाही? स्टेरॉइड तर लई वाईट असतं ना?"

वाईट असतं, खोटं नाही. आपल्याकडं गुडघेदुखीवाल्याला बाजारात कोणीतरी पुडी देतो, पहिल्या आठवड्यात म्हातारा चालायला लागतो, आणि सहा महिन्यांनी तोंड सुजलेलं, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ. बऱ्याचदा त्या पुडीत स्टेरॉइडच असतं, फक्त कोणी सांगत नाही. त्यामुळं लोक घाबरतात त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण माझं प्रकरण कानाच्या आजाराचं आहे, जरा वेगळं, ते नीट सांगते, लांबेल थोडं.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, यवतमाळ जिल्ह्यात. पोळ्याच्या आसपास डावा कान भरल्यासारखा वाटायला लागला, आत शिट्टी, आणि अंधारात अंगणात गेली की तोल जायचा. दवाखान्यात मळ काढला, थेंब दिले, मग अँटिबायोटिक दिलं, फरक शून्य. दसऱ्यापर्यंत उजवा कानही उतरायला लागला. हजेरी घेताना पोरं म्हणायची, "बाई, मी हजर म्हटलं ना जी", आणि मला नुसता गोंगाट ऐकू यायचा, आवाज येतो पण शब्द सुटा होत नाही. घरी सासूबाई, "कवापासून आवाज देऊन रायली, ऐकूच नाही येत काय वं तुले?" मिस्टर म्हणाले कापूस वेचून झाला की जाऊ, पण मी थांबले नाही.

या आजाराला ऑटोइम्यून इनर इअर डिसीज म्हणतात. शरीराची जी यंत्रणा जंतूंशी भांडायला असते तीच कानाच्या आतल्या भागावर उलटते. १९७९ साली अमेरिकेतल्या मॅकेब नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून मांडलं. काही जणांना सोबत संधिवात किंवा ल्युपससारखा दुसरा ऑटोइम्यून आजार असतो, मला तसं काही निघालं नाही. याची चाल ओळखायची असते. म्हातारपणाचा बहिरेपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो. अचानक बहिरेपणा तीन दिवसांच्या आत आणि बहुतेक वेळा एकाच कानाला येतो (त्यातही लगेच दवाखाना गाठावा लागतो, तोही थांबायचा आजार नाही). हा मात्र काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत उतरतो, दोन्ही कानांना पकडतो, पण दोन्ही सारखे नसतात, एक पुढं एक मागं. मध्येच एखाद दिवस बरंही वाटतं, तिथंच माणूस फसतो.

म्हणून एका ऑडिओमेट्रीवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीवर, काही कळत नाही, दोन लागतात. माझी पहिली जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, डावा ६५ डेसिबल, उजवा ३५. म्हणजे एवढ्या जोराचा आवाज केला तर कुठं ऐकू येतो, आकडा जितका मोठा तितका कान खराब, चांगल्या कानाला २०-२५ च्या आतच येतो. दुसरी नागपूरला झाली काही आठवड्यांनी, डावा ७०, उजवा ५५. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि उजव्याच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाले, "हा वेग बरोबर नाही." आणखी एक टेस्ट असते ज्यात हेडफोनमध्ये शब्द ऐकवतात आणि आपण ते परत म्हणायचे, त्यात उजव्या कानानं १०० पैकी ५२ च बरोबर सांगितले. पडद्यामागं पाणी वगैरे आहे का ते बघायची टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे मळ नाही, पाणी नाही, बिघाड आत आहे.

मग एमआरआय, नसेवर गाठ आहे का ते बघायला. रक्ताच्या तपासण्या भरपूर, ईएसआर, एएनए, साखर, सिफिलिससाठीची पण, कारण त्यानंही कान असाच जाऊ शकतो आणि त्याचा इलाज वेगळा (ही चिठ्ठी बघून मिस्टर लॅबमध्ये लालेलाल, पण ती टेस्ट सगळ्यांचीच करतात). छातीचा एक्सरे पण काढला, कारण आपल्याकडं टीबी लपून बसलेला असतो आणि स्टेरॉइडवर तो उसळतो. सगळं नॉर्मल. मी म्हटलं, डॉक्टर, मग मला आजारच नाही का? ते म्हणाले, हा आजार आहे असं खात्रीनं सांगणारी रक्ताची टेस्ट अजून नाही. बाकीचं सगळं काढून टाकायचं आणि मग गोळी द्यायची, गोळीनं कान सुधारला तर तेच निदान. म्हणजे माझी गोळी इलाजही आणि तपासणीही.

डोस वजनाच्या हिशेबानं, किलोला साधारण १ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ६०. माझं वजन ५८, म्हणून प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड ६०, २० च्या तीन गोळ्या, सकाळी नाश्ता झाल्यावर एकदमच. सकाळी यासाठी की शरीर स्वतःचं स्टेरॉइड सकाळीच जास्त बनवतं, आणि संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. माझी सकाळी घेऊनही उडाली, रात्री दोनला उठून मी वह्या तपासायची. चार आठवडे पूर्ण डोस. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडायचं नाही आणि आठ दिवसांत बरं वाटलं म्हणूनही सोडायचं नाही, चार आठवड्यांनी परत ऑडिओमेट्री करायची आणि मगच ठरवायचं. सुधारणा कशाला म्हणायचं याचंही माप आहे. एखाद्या सुरावर १५ डेसिबल किंवा लागोपाठच्या दोन सुरांवर १० डेसिबलनं रेषा वर आली पाहिजे, नाहीतर शब्दांचे मार्क १२ टक्क्यांनी तरी वाढले पाहिजेत. "मला बरं वाटतं" एवढं चालत नाही, कारण स्टेरॉइडनं तसंही माणसाला उगाच भारी वाटतं.

माझा उजवा ५५ वरून ३५ वर आला, शब्द ५२ वरून ८०. डावा ७० वरून ६० वर, पण त्याचे शब्द काही सुटे झाले नाहीत. जो कान आधी गेला आणि जास्त दिवस तसाच राहिला त्यानं कमी साथ दिली. काहीच फरक नसता तर डॉक्टर दोनेक आठवड्यांत गोळ्या उतरवून बंदच करणार होते, कारण उपयोग नसताना नुकसान कशाला सोसायचं.

आता तुमचा प्रश्न. बंद न करण्याची कारणं दोन.

पहिलं, एवढे दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी फुकट वावरात येत असलं तर आपल्या विहिरीची मोटर कोण लावतो, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेली मोटर बटण दाबल्याबरोबर उचलत नाही. एकदम सोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी खाली, जीवावरही बेततं. म्हणून पायरीपायरीनं उतरायचं. म्हणूनच माझ्या पर्समध्ये चिठ्ठी असते की ही बाई स्टेरॉइडवर आहे, अपघात झाला, ऑपरेशन लागलं किंवा उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसली तर डॉक्टरांना माहीत पाहिजे, तेव्हा उलट जास्त डोस लागतो.

दुसरं कारण कानाचं. गोळीनं आजार गेलेला नाही, दबला आहे. ६० वरून उतरत उतरत मी २० पर्यंत नीट आले. १५ वर आले आणि उजव्या कानात तोच भरलेपणा, तीच शिट्टी. मी रोज सकाळी फोनवरच्या घड्याळाचा तोच गजर, तेवढ्याच आवाजात, एकेका कानानं ऐकून बघायची, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दोन दिवस तो उजव्या कानाला बारीक लागला, तिसऱ्या दिवशी मी नागपूरला. ऑडिओमेट्रीत उजवा ५०. डोस परत ४० वर नेला, कान परत आला पण ४० डेसिबलपर्यंतच, आधीच्या ३५ ला काही पोचला नाही. दरवेळी सगळं परत मिळेलच असं नाही, आणि काही जणांत पुढं पुढं स्टेरॉइडचा असर कमी होत जातो. म्हणून दुसऱ्यांदा उतरताना पायऱ्या लहान केल्या, २० च्या खाली तर अगदी अडीच-अडीच मिलिग्रॅमनं.

स्टेरॉइडऐवजी दुसरं काही का नाही, हेही लोक विचारतात. संधिवातात देतात ते मेथोट्रेक्सेट यातही देऊन बघितलं होतं, पण २००३ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्टेरॉइडनं कमावलेलं ऐकणं टिकवायला ते औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा काही जास्त उपयोगी पडलं नाही. संधिवात सोबत असता तर गोष्ट वेगळी. डाव्या कानाला पडद्यातून आत स्टेरॉइडचं इंजेक्शन पण देऊन झालं, त्यात बाकी शरीराला त्रास कमी होतो, माझ्या डाव्याला मात्र फारसा फायदा झाला नाही.

किंमत मोजावी लागते, ती पण सांगते. चेहरा गोल झाला, भूक अशी की डब्यातली भाकर पहिल्या तासालाच संपायची, चिडचिड इतकी की पोरं मला घाबरायला लागली, आणि साखर वाढली. साखर गावातच उपकेंद्रात बघते. जेवणात मीठ आणि गोड कमी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी रोज. ताप आला तर घरी पॅरासिटामॉल घेऊन पडून राहायचं नाही, कारण स्टेरॉइडवर इन्फेक्शन मोठं असलं तरी ताप बारीकच दिसतो. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची नाही, दोन्ही मिळून पोटात अल्सर करतात.

सध्या मी १० मिलिग्रॅमवर आहे. उजवा ४० च्या आसपास टिकून आहे, डाव्याला मशीन आहे, तीही मधूनमधून नव्यानं सेट करून घ्यावी लागते कारण कान खालीवर होतो. वर्गात मी आता उजवा कान पोरांकडं करून उभी राहते. होळीनंतर परत ऑडिओमेट्री, ती सारखी आली तर साडेसात. आणि उजवा पण गेलाच तर? तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र. या आजारात कानाचा शंख खराब होतो पण नस बहुतेक शाबूत राहते, म्हणून इम्प्लांट चांगलं चालतं असं डॉक्टर म्हणाले. फक्त शंखाच्या आत हाड भरायला लागण्याआधी ते करायला पाहिजे, म्हणून एमआरआय कधी परत करायचा ते त्यांनी आत्ताच लिहून ठेवलंय.