जेवणाच्या सुट्टीत शून्य

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. तक्रार डिस्पॅचची होती: चलन निघायला कधी दोन सेकंद, कधी अर्धं मिनिट. बाहेरच्यांना वाटतं, आपण पिंग करतो, म्हणजे पलीकडच्या यंत्राला छोटी हाक मारतो, आणि दोष सापडतो. पण पिंगची चारही उत्तरं व्यवस्थित परत येत होती. विंडोजचं साधं पिंग 32 बाइट्सचं, म्हणजे डेटाची चिमुकली फ्रेम. अधूनमधून बिघडणाऱ्या तारेवरूनही ती बहुतेकदा सुटून जाते. मार खातात त्या 1500 बाइट्सच्या मोठ्या फ्रेम्स.

मॅनेजर साहेबांनी मॉनिटरिंगच्या पडद्यावर लाल आकडा बघितला आणि जाहीर केलं, "केबल गेली, नवी टाका." तो आकडा लेबल प्रिंटरच्या पोर्टवरच्या डिस्कार्ड्सचा होता. प्रिंटर 100 एमबीपीएसचा, मागून डेटा येतो गिगाबिटने. रांग भरली की नेटवर्कच्या तारा जोडणारा स्विच चांगल्या फ्रेम्सही टाकून देतो. ती वाट अरुंद असल्याची खूण, तार खराब असल्याची नव्हे. हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला आणि साहेबांना ते पटलं असं मला अजूनही वाटत नाही.

खरा आकडा डिस्पॅचच्या स्विचवर होता, सर्व्हर रूमकडून येणाऱ्या तारेच्या पोर्टवर:

```
show interfaces gi1/0/24 | include CRC
  41873 input errors, 41873 CRC, 0 frame, 0 overrun, 0 ignored
```

प्रत्येक फ्रेमच्या शेवटी चार बाइट्सचा पडताळ्याचा आकडा असतो, तोच हा CRC. घेणारा स्विच तो पुन्हा काढून बघतो, जुळला नाही तर फ्रेम फेकतो आणि काउंटर एकने वाढवतो. फ्रेम परत मागवणं हे स्विचचं काम नाही. डेटा नीट पोचला का ते बघणारं वरचं टीसीपी वाट बघून पुन्हा पाठवतं, आणि ती वाट बघणं म्हणजेच ते अर्धं मिनिट. गंमत म्हणजे त्याच तारेच्या सर्व्हर रूमकडच्या पोर्टवर अशा चुका जेमतेम 9 होत्या. त्या टोकाला बसून बघणारा म्हणाला असता, तार एकदम स्वच्छ आहे. चूक मोजली जाते ती ऐकणाऱ्याच्या दारात, म्हणून दोन्ही टोकं बघावीच लागतात.

आता माझी चूक. 41873 हा आकडा कधीपासूनचा ते कोणाला ठाऊक, म्हणून आधी काउंटर शून्यावर आणायला `clear counters gi1/0/24` केलं. पॅच कॉर्ड बदलली, सेवउसळ खाऊन आलो. चाळीस मिनिटांत शून्य. तक्रार बंद केली. चार वाजता काउंटर 600 च्या पुढे.

केबलिंगवाल्या काकांना बोलावलं. दांडिया बाजारात राहतात, वीस वर्षं हेच करतात, आणि आपल्या कामात दोष निघाला की आधी भिंतीला दोष देतात. त्यांनी टेस्टर लावला, आठही दिवे लागले. "अहो, तार ठणठणीत आहे. शेजारच्या प्रेस मशीनची मोटर बघा, तिचा त्रास असेल. शिल्डेड केबल टाकू." स्विचमधली केबल चाचणीही तारेतल्या चारही जोड्या नॉर्मल सांगत होती.

प्रेस म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. दुपारी माझ्याबरोबर प्रेसही जेवायला गेली होती!

ऑपरेटरला म्हटलं, मोटर चालू ठेव, ठोका नको. दहा मिनिटं, काउंटर जागचा हलला नाही. मग ठोके सुरू केले: दहा मिनिटांत 212. म्हणजे त्रास विजेचा नव्हता, हादऱ्याचा होता. डिस्पॅचच्या स्विचचा रॅक प्रेसजवळच्याच खांबाला ठोकलेला. सर्व्हर रूमकडून येणाऱ्या तारेचा प्लग मी दोन बोटांत घट्ट धरून ठेवला. प्रेस ठोके देत राहिली, काउंटर थांबला. सोडला, पुन्हा चढायला लागला.

प्लग कापून भिंग लावलं. भिंतीतून येणारी तार भरीव तांब्याची, आणि प्लग बारीक तारांच्या पिळासाठीचा. त्याची पाती पिळात घुसायची असते. भरीव तारेच्या ती नुसती बाजूला टेकते. टेस्टर स्थिर तार बघतो, त्याला सगळं जोडलेलंच दिसतं. गिगाबिटमध्ये चारही जोड्यांवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात. प्लग थरथरला की इथल्या स्विचचाच मोठा आवाज उलटून त्याच्याच कानात जातो, आणि सत्तर मीटरवरून आलेली क्षीण कुजबुज त्यात बुडते. सर्व्हर रूमकडे 9 आणि इकडे हजारो, याचं कारण मला तरी हेच वाटतं.

काकांनी प्लग उलटसुलट करून बघितला. "त्या वर्षी एकच पाकीट मिळालं होतं," म्हणाले. भरीव तारेचा प्लग लावल्यापासून तीन पाळ्यांत शून्य. या वेळी प्रेस चालू असताना मोजलं.

पाकीट शंभराचं होतं. बाकीचे नव्व्याण्णव कुठे लावले ते काकांना आठवत नाही. मी रोज सकाळी, ठोके सुरू झाल्यावर, सगळ्या पोर्टांचे काउंटर वाचतोय.