वीसपैकी अठरा

नागपुरातल्या एका बास्केटबॉल क्लबच्या मुलींच्या संघाचे आकडे ठेवण्याचे काम मी करतो. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, धरमपेठेतल्या मैदानाचे सिमेंट अजून तापलेलेच असताना, आमच्या प्रशिक्षकांनी माझी वही मागितली. त्यांना एवढेच ठरवायचे होते की प्रतिस्पर्ध्यांवर टेक्निकल फाउल लागला तर फ्री थ्रो, म्हणजे कोणाच्याही अडथळ्याशिवाय एका गुणासाठी टाकायचा चेंडू, कोणी मारायचा. हा फ्री थ्रो संघातली कोणतीही खेळाडू मारू शकते, त्यामुळे ज्या संघाने आपली सर्वांत भरवशाची खेळाडू आधीच हेरलेली असते, त्याला हा गुण जवळजवळ आयताच मिळतो.

वहीत सात क्रमांकाच्या मुलीपुढे ९० टक्के होते आणि अकरा क्रमांकाच्या मुलीपुढे ७८. सर म्हणाले, "मग यात विचार कसला करतोस बाप्पा? सात नंबर." मी त्यांना टक्क्यांच्या शेजारचा रकाना दाखवला. सातने २० पैकी १८ टाकले होते, तर अकराने दोन हंगामांत मिळून २०० पैकी १५६.

सातचे आणखी दोन चेंडू रिंगवरून बाहेर पडले असते तर तिचे ९० चे थेट ८० झाले असते. अकराचे तेवढेच दोन चुकले असते तर ७८ चे ७७. शिवाय सामन्याच्या अधिकृत गुणपत्रिकेत यशस्वी फ्री थ्रोसाठी भरीव ठिपका काढतात, पण चुकलेल्याची तिथे नोंदच होत नाही. म्हणजे एकूण प्रयत्न किती झाले, हे सर्वस्वी माझ्या वहीवर अवलंबून होते, आणि एका सामन्यात मी उशिरा पोहोचल्यामुळे ती वही राखीव खेळाडूने भरली होती. तिच्याकडून सातचा एक चुकलेला फ्री थ्रो लिहायचा राहिला असेल, तर आकडा २१ पैकी १८, म्हणजे ८६ च्याही किंचित खाली येतो. तीच चूक अकराच्या बाबतीत झाली असेल तर अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही.

सरांचा प्रश्न रास्त होता: "पण वीसपैकी अठरा टाकले, ते काही उगाच का?" मी तिथेच बाकावर बसून उलटा हिशेब केला. समजा सातची खरी कुवत अकराएवढीच, म्हणजे ७८ टक्क्यांची आहे. तरी तिने वीसपैकी अठरा किंवा त्याहून जास्त टाकण्याची शक्यता सुमारे १५ टक्के निघते. सात वेळा वीस-वीस फ्री थ्रो मारायला लावले तर सरासरी एखाद्या खेपेला असे घडते. त्यामुळे ती अकरापेक्षा सरस नाही असेही म्हणता येत नव्हते आणि आहे असे छातीठोकपणे सांगणेही शक्य नव्हते.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने यावर उंबरठा घातला आहे: फ्री थ्रोच्या टक्केवारीच्या यादीत येण्यासाठी हंगामात किमान १२५ यशस्वी फ्री थ्रो लागतात. पण तिथे एका संघाचे हंगामात ८२ सामने होतात; तो उंबरठा आमच्या एका हंगामाला लावला तर यादी कोरीच राहील.

म्हणून मी दुसरा मार्ग धरला. आमच्या संपूर्ण संघाची सरासरी ६५ टक्के आहे. प्रत्येकीच्या खात्यात या सरासरीने मारलेले ४० काल्पनिक फ्री थ्रो, म्हणजे २६ यशस्वी, आधीच जमा आहेत असे धरले. सातचे ६० पैकी ४४ झाले, म्हणजे ७३ टक्के. अकराचे २४० पैकी १८२, म्हणजे जवळपास ७६. क्रम उलटला आणि सरांच्या कपाळावर आठी पडली. "हे चाळीस तू आणलेस कुठून?" या प्रश्नाची मला धास्तीच होती. चाळीसऐवजी दहाच धरले तर सात पुन्हा पुढे जाते, ८२ विरुद्ध ७७. पारडे फिरते ते तेविसाव्या काल्पनिक चेंडूला. संघातल्या मुलींच्या कुवतीत मुळात फारसा फरक नसेल तर हा आकडा मोठा धरायचा, आणि खूप फरक असेल तर लहान. पण हे ठरवण्याइतकी माहिती बारा मुलींच्या एका वहीत नसते, आणि मी ते तसे सांगितले.

सरावातले फ्री थ्रो मोजावेत, अशी सूचना सरांनीच केली. पण एका जागी उभे राहून सलग शंभर मारले की हात बसतो, आणि सामन्यात धापा टाकत मिळणाऱ्या एक-दोन संधींशी त्याचा फारसा संबंध राहत नाही. म्हणून पूर्ण मैदानभर धावून झाल्यावर लगेच दोनच मारायचे, असे ठरले. त्यांची नोंद सामन्यांच्या आकड्यांत न मिसळता वेगळ्या पानावर ठेवायची.

तोवर टेक्निकल फाउलच्या चिठ्ठीवर सरांनी अकरा लिहिले. मीही त्याच संध्याकाळी वहीतला टक्क्यांचा रकाना खोडरबराने साफ केला आणि पन्नासपेक्षा कमी प्रयत्न असलेल्या मुलींपुढे १८/२० सारखे नुसते कच्चे आकडे लिहून ठेवले.