१२ चमचा मीठ

काल रात्रीचं डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून काढतोय. चूक सापडली, पान सुधारलं, पेपरच्या गाड्या वेळेवर सुटल्या, सगळं नीट झालं, तरी पान लावणाऱ्या पोरीचं एक वाक्य सलतंय. म्हणाली, "काका, नशीब तुम्ही बघितलंत!"

नशीब?

झालं असं की आरोग्याच्या पानावरची एक जाहिरात ऐनवेळी उडाली आणि तिथे जुलाबावर घरच्या घरी जलसंजीवनी कशी करायची याची चौकट टाकली. डॉक्टरांनी मोबाईलवर पाठवलेला मजकूर होता, तो आमच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करून बसवला आणि पान सोडलं. प्रूफला ही चौकट आलीच नाही, माझ्याकडे आलेल्या पानावर तिथे जाहिरातच होती. प्लेटा निघाल्यावर पानाची एक प्रिंट माझ्या टेबलावर येते, ती फक्त तारीख-वार आणि पान नंबर बघायला. मी मात्र पानावरचे सगळे आकडे एकदा बघतो, कारण शब्द चुकला तर वाचणारा मनातल्या मनात सुधारून घेतो, आकडा चुकला तर तो तसाच खरा मानतो.

चौकटीत होतं, १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ चमचे साखर, १२ चमचा मीठ.

आधी खटकला तो चमचा. ६ ला चमचे आणि १२ ला चमचा कसा? मग मीठ साखरेच्या दुप्पट कसं हे डोक्यात आलं आणि हातपाय गार पडले. मूळ मजकुरात १/२ चमचा होतं. त्या फॉन्टमध्ये स्लॅशच्या जागी दुसरंच अक्षर बसवलेलं आहे, कन्व्हर्टरने ती तिरकी रेघ गाळून टाकली आणि अर्ध्याचे बारा झाले.

चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण ६ ग्रॅम मीठ मावतं. म्हणजे घालायचं ३ ग्रॅम, आणि आपण छापणार ७० च्या वर. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतं, हे त्याच्या दुप्पट. मोठा माणूस घोटभर पिऊन थुंकेल, पण जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या बाळाला आई वाटी-चमच्याने पाजते, पेपरात आलंय म्हणून नेटाने पाजते. मग रक्तातलं मीठ वाढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, बाळाला झटके येतात. डाक आवृत्ती तर अशा गावांत जाते जिथून दवाखाना लांब.

खाली धावलो. अण्णांनी प्लेटा सिलिंडरवर चढवल्या होत्या, मशीन सुरू करायला माणूस उभाच होता. "अण्णा, थांबवा!" एवढंच ओरडलो. त्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही, आधी हात वर करून माणसाला थांबवलं. अक्षरं काळ्यातच असल्यामुळे एकच प्लेट बदलायची होती, बाकीच्या तीन रंगांच्या तशाच ठेवल्या. वर त्या पोरीने १२ काढून 'अर्धा' असं अक्षरी टाकलं, मी तिच्या पाठीशी उभं राहून वाचलं, नवी प्लेट निघाली, तीही वाचली, मगच मशीन फिरलं.

आणि मग ती म्हणाली, नशीब.

घरी येऊन पडलो तर झोप नाही. एवढी वर्षं डोळे फोडले त्याचं नाव नशीब? पूर्वी एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफावर बोट फिरवायचा, अख्खा विभाग होता, आता एकटा मी, तोही कॉन्ट्रॅक्टवर, आणि... जाऊ दे.

पण पहाटे वाटलं, ती अगदीच चुकीचं बोलली नाही. समजा कन्व्हर्ट झाल्यावर कुणी सहज 'चमचा'चं 'चमचे' केलं असतं, तर? व्याकरण शुद्ध झालं असतं आणि चूक लपली असती. मिठाचं प्रमाण मला तरीही खटकलं असतं का? असतं, बहुतेक. पण हे 'बहुतेक' मला पचत नाही. आणि मीठ-साखरेचं निदान घरात बघून माहीत असतं, औषधाच्या मात्रेत अशी रेघ उडाली तर मला काय कळणार होतं? तिथे मूळ मजकूर शेजारी ठेवून ताडून बघण्याशिवाय इलाजच नाही, नजर कितीही तयार असली तरी.

पोरीवर राग नाही आता. रात्री एकटीने तीन पानं लावत होती ती.

आज लवकर जाऊन साहेबांशी बोललो. प्रमाण अक्षरीच लिहायचं, अर्धा, पाव, पाऊण, आणि प्रूफानंतर बदललेली चौकट मूळ मजकुरासकट माझ्याकडे परत आल्याशिवाय पान सोडायचं नाही. पहिलं लगेच मान्य झालं. दुसऱ्याला म्हणाले, "वेळ कुठे असतो हो?" उद्या पुन्हा विचारणार आहे.