फोटो बघून सीताफळ आणि अननस निवडताना

आमच्या ठाण्यातल्या इमारतीसाठी सीताफळं सासवडच्या बाजूच्या एका बागेतून येतात आणि अननस सिंधुदुर्गातून. दोन्ही मी फोनवरच्या फोटोंवरून ठरवते. डोळे दोन्ही फळांना असतात, पण त्यांच्याकडे बघताना मनात वेगवेगळा प्रश्न असावा लागतो. सीताफळ तोडल्यावर पिकतं, त्यामुळे तिथे प्रश्न एवढाच, की तोडलं तेव्हा ते भरलेलं होतं का? अननस तोडला की त्याची गोडी तिथेच थांबते. घरी ठेवल्यावर तो पिवळा आणि मऊ होईल, जास्त गोड होणार नाही. म्हणून अननसाच्या फोटोत तोडतानाच तो किती पिकला होता हे शोधायचं असतं.

सगळ्यात आधी फोटो नीट हवा. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत हिरवा अननसही सोनेरी दिसतो आणि भर उन्हात सीताफळाच्या खाचा पांढऱ्याफटक होतात. म्हणून फोटो सकाळी, सावलीत आणि फळाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून मागवते. कागदच पिवळट किंवा निळसर दिसला तर त्या फोटोतल्या रंगावर काही ठरवत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते, कारण नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि खाचांमधला बारीक फरक पुसला जातो. क्रेटचा वरून एक, दोन-तीन फळांचे जवळून आणि देठाकडच्या बाजूचा एक, एवढे फोटो पुरतात.

सीताफळाचा हिरवा रंग मी जवळजवळ सोडूनच देते. नजर जाते ती दोन डोळ्यांमधल्या खाचेवर. कोवळ्या फळाचे डोळे उंच, टोकदार आणि एकमेकांना चिकटलेले असतात, मधली खाच म्हणजे नुसती गडद हिरवी रेघ. फळ भरत आलं की डोळे पसरट होतात, एकमेकांपासून सुटतात आणि खाचेत मलईसारखी फिकट पिवळी पट्टी दिसू लागते, कधी तिला गुलाबीसर झाकही असते. यालाच बागेत ‘डोळा उघडला’ म्हणतात. असं फळ तोडल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत मऊ होतं. डोळा न उघडलेलं फळ घरी आठवडाभर ठेवलं तरी नीट पिकत नाही. ते सुरकुततं, काळं पडतं, आणि मऊ झालंच तर गर फिका आणि कमी निघतो. गोल्डनसारख्या जातीत साल मुळातच पिवळट असते, त्यामुळे तिथे पिवळेपणावरून फळ मऊ झालं असं धरू नये.

इथे एक फसगत हमखास होते. पिठ्या ढेकूण खाचेतच बसतो आणि दुरून त्याचा पांढरेपणा उघडलेल्या डोळ्यासारखाच दिसतो. म्हणून जवळचा फोटो मोठा करून बघते. उघडलेल्या डोळ्याची पट्टी सलग, गुळगुळीत आणि साधारण सारख्या रुंदीची असते. किडीचा पांढरेपणा कापसाच्या पुंजक्यांसारखा, कुठे दाट कुठे विरळ, बहुतेक वेळा देठाजवळ जास्त. सोबत मुंग्या किंवा सालीवर काजळी दिसली तर शंकाच नको. तरीही शंका वाटली तर बागेतून फोटो पाठवणाऱ्या दादांना कोरड्या ब्रशने एक खाच झाडून पुन्हा फोटो काढायला सांगते. कीड असली की पांढरेपणा निघून जातो आणि खाली हिरवी रेघ उरते.

तडा दोन तऱ्हांचा असतो. कोरडे दिवस जाऊन एकदम जोराचा पाऊस आला की झाडावरचं फळ कडक असतानाच फुटतं. अशा तड्याच्या कडा तपकिरी आणि कोरड्या दिसतात, आणि आत बुरशी शिरलेली असू शकते, म्हणून ते मी घेत नाही. दुसरा तडा पिकून मऊ झालेल्या फळाचा. तो डोळ्यांच्या मधून जातो, आत पांढरा ओलसर गर दिसतो. ते फळ बागेतच त्या दिवशी खायचं, प्रवासाला नाही.

एक क्रेट उदाहरणादाखल घेऊ. गुरुवारी सकाळचा फोटो, 24 फळं, शुक्रवारी संध्याकाळी ठाण्यात पोचणार आणि खायची रविवारी. वरून बघता 15 फळांच्या खाचा मलईरंगी आणि सलग होत्या. ती ठेवली. पाच फळांचे डोळे टोकदार आणि बंद होते. त्यांतली दोन चांगली मोठी होती, पण आकारावर जायचं नाही, पाचही काढायला सांगितली. दोघांच्या खाचांत पुंजके होते, तीही काढली. उरलेल्या दोघांना तडे होते, एकाची कड तपकिरी, दुसऱ्याचा ताजा. दोन्ही मागे ठेवली. मग दादांना एकच विचारलं, “क्रेटवर नाक नेल्यावर गोड वास येतो का?” कडक सीताफळाला वास जवळजवळ नसतो. वास आला म्हणजे एखादं फळ खालच्या बाजूने मऊ झालंय, आणि ते वरच्या फोटोत दिसणार नाही. वास नव्हता, म्हणून रविवारचा हिशेब तसाच ठेवला. घरी आल्यावर कडक फळं फ्रिजमध्ये घालायची नाहीत. थंडीने साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही.

अननसात रंग आणखी फसवतो. रंग यावा म्हणून बाजारात इथेफॉन हे रसायन मारलेलं फळ बाहेरून एकसारखं पिवळं होतं, पण आतली गोडी तोडताना होती तेवढीच राहते. उलट क्यू जातीचं फळ पावसाळ्यात बरंच हिरवं असूनही आत पिकलेलं असू शकतं. म्हणून रंगाआधी डोळ्यांचा आकार बघते. कच्च्या फळाचे डोळे फुगीर, मधे टोक आलेले असतात. पिकताना ते रुंद आणि चपटे होत जातात. फळ बुडाकडून वर पिकत जातं, त्यामुळे बुडाचे डोळे चपटे आणि शेंड्याखालचे अजून टोकदार, असा फरक नैसर्गिक पिकलेल्या फळात दिसतो. डोळे सगळीकडे टोकदार आणि साल मात्र वरपासून खालपर्यंत सारखी पिवळी, असा फोटो आला की मी नाही म्हणते. क्वीन जातीचे डोळे मुळातच लहान आणि खोल असतात, तेव्हा तिची तुलना क्यूशी नको. आधी जात विचारून घ्यायची.

अननसाचे फोटो दोन विरुद्ध बाजूंनी मागवते. शेतात कलंडलेल्या फळाची वरची बाजू उन्हाने भाजून फिकट पिवळी होते आणि एकाच फोटोत ती पिकल्यासारखी भासते. दुसरी बाजू गर्द हिरवी निघाली की कळतं. तिसरा फोटो बुडाचा, देठ कापलेल्या जागेचा. तिथे बुरशी नको, आणि डोळ्यांच्या मधल्या तड्यातून रस गळत असेल तर फळ उतरलेलं आहे.

वास फोटोत येत नाही, तो फोनवर विचारायचा, आणि प्रश्न नेमका हवा. “वास चांगला आहे का?” विचारलं तर उत्तर नेहमी हो असतं. मी सांगते, शेंड्याकडे नाही, बुडाला नाक लावून बघा. काहीच वास नसेल तर बहुतेक लवकर तोडलाय. गोड, भरलेला वास असेल तर दोन-तीन दिवसांत खायचा. ताडीसारखा आंबूस वास येत असेल तर डोळे कितीही चपटे असोत, तो पाठवू नका म्हणते.