कालपासून मी फोनकडे बघतेय

काल दुपारी कुरियरचा मेसेज आला की पार्सल पोचलं. मग मी लोणचं मागवणाऱ्या मुलीला लिहिलं, "मिळालं का?" दोन निळ्या खुणा आल्या आणि मग काहीच नाही. रात्री जेवताना दोनदा फोन बघितला तर हे म्हणाले, अगं ती जेवत असेल. असेल ना, जेवतच असेल, तेच तर भ्या वाटतंय, की ती माझं लोणचं पानात घेऊन जेवत असेल.

कारण ते अजून मुरलेलं नाही.

मृणालनं पेज काढलं, फोटो टाकले, मग ही पुण्याची मुलगी आली, अर्धा किलो कैरीचं, मी तिला ओळखत नाही, ती मला ओळखत नाही. अनोळखी माणसानं पैसे देऊन मागवलेलं हे पहिलंच. आणि पहिल्याच मेसेजमध्ये तिनं विचारलं, काकू मीठ कमी घालाल का, घरात बीपी आहे. मी नाही म्हटलं. सरळ नाही म्हटलं, की किलोभर फोडींना मी 200 ग्रॅमच्या आसपास मीठ घालते, त्याखाली जाणार नाही, बीपी असेल तर फोड छोटी घ्या आणि डॉक्टरांना विचारून घ्या, पण बरणीतलं मीठ कमी करता येत नाही. ती म्हणाली ओके. त्या ओकेचा अर्थ मी अजून लावतेय.

मीठ चवीपुरतं असतं असं लोकांना वाटतं. लोणच्यात ते राखण करायला असतं. कमी पडलं की आधी फोडी मऊ पडतात, मग बरणीच्या कडेनं बारीक फेस दिसायला लागतो, झाकण उघडलं की आंबूस वास येतो, आणि एखादी फोड तेलाच्या वर राहिली असेल तर तिच्यावर पांढरी बुरशी धरते. जशोदाबेन शेजारून हेच म्हणत होत्या, "मीठा वगर अथाणुं ना रहे", मिठाशिवाय लोणचं टिकत नाही, आणि त्यांनी जन्मभर अथाणी घातलीत. तेव्हा नाही म्हटलं ते बरोबरच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. मला जे खुपतंय ते वेगळं आहे.

ताजं लोणचं खारट लागतं. म्हणजे मीठ तेवढंच असतं, पण ते सगळं बाहेर असतं, खारात. फोडीच्या आत अजून पोचलेलं नसतं. विज्ञानाच्या तासाला मी बटाट्याची वाटी कोरून त्यात साखरेचं पाणी घालायचे, बटाटा बाहेरच्या पाण्यात ठेवायचा आणि तासाभरानं वाटीतलं पाणी चढलेलं पोरं डोळे मोठे करून बघायची, परासरण. कैरीचं पण तेच, मीठ-हळद चोळून ठेवलं की रात्रीतून फोडींचं पाणी सुटतं, ते होतं भराभर. पण मीठ उलट आत शिरायला, तेही राजापुरीच्या जाड फोडीत, आठ-पंधरा दिवस घेतं. तोवर जिभेला आधी खार लागतो, मग आतली नुसती आंबट कच्ची कैरी, आणि मोहरीची डाळ नवीन असते तेव्हा जरा कडवट चढते, मेथी वेगळी कडू. पंधरा दिवसांनी हेच सगळं एकमेकांत जातं. तीच बरणी, एक चिमूट इकडची तिकडे नाही.

आता जिनं मीठ कमी घाला म्हणून सांगितलं होतं तिनं काल बरणी उघडून बोट लावलं असेल तर तिला काय वाटेल? की बाईंनी मुद्दाम जास्त घातलं.

बरणीबरोबर चिठ्ठी होती, पंधरा दिवसांनी उघडा म्हणून. पण पार्सल आलं की कोण थांबतं, आणि तो कुरियरवाल्यांचा मेसेजसुद्धा लगेच विचारतो, अनुभव कसा होता, स्टार द्या. अनुभव अजून व्हायचाय हो.

रात्री झोप नव्हती. उगाच वाटत राहिलं की कशाला पडले यात, पेन्शन येते, घर आपलं आहे, बडोद्याच्या खंडेराव मार्केटात उन्हात उभं राहून एकेक कैरी दाबून बघायची, कडक आहे ना, बाठ धरलीय ना, मग तिथल्याच माणसाकडून फोडून घ्यायच्या, घरी येऊन फडक्यानं एकेक फोड पुसायची कारण पाण्याचा थेंब राहिला तर सगळं गेलं, फोडणी पूर्ण गार होईपर्यंत तिच्यापाशी बसायचं, आणि हे सगळं कुणा न बघितलेल्या मुलीच्या एका शब्दासाठी. मृणालला म्हटलं तर ती म्हणते आई एवढं मनाला लावून नाही घ्यायचं. पूर्वी घरचे सगळे माझं लोणचं न्यायचे तेव्हा... जाऊ दे.

सकाळी पावणेअकराला आला मेसेज.

"काकू लोणचं मिळालं. पॅकिंग छान, गळालं नाही. पण खूप खारट लागतंय आणि तेल वर दिसत नाहीये, फोडी कोरड्या दिसतात. खराब तर नाही ना?"

छातीत धस्स झालं. अगदी जे नको तेच. पण गंमत म्हणजे वाचून झाल्यावर रात्रीपेक्षा बरं वाटलं, कारण आता समोर प्रश्न होता आणि या प्रश्नाचं उत्तर मला येतं. तिला लिहिलं, एक फोड घे, सुरीनं मधोमध काप आणि कापलेल्या बाजूचा फोटो पाठव.

पाठवला तिनं. कडेला पिवळी रेघ आणि मधे पांढरी-हिरवट, कोरी कैरी. स्वच्छ दिसत होतं की मीठ कडेपर्यंतच गेलंय. मग तिला सगळं लिहिलं, लांबलचक झालं पण लिहिलं. की हा पांढरा भाग जाऊन फोड आतपर्यंत पिवळसर, थोडी पारदर्शक दिसायला लागली की समज मुरलं, तेव्हा खारटपणा निवलेला असेल. तेलाचं असं की प्रवासात बरणी आडवी-उभी होते, मसाला तेल धरून बसतो, दोन दिवस हलवू नकोस, उभी ठेव, तेल वर येईल. नाहीच आलं आणि फोडी उघड्या दिसल्या तर वाटीभर तेल चांगलं तापवून पूर्ण गार करून ओत, फोडींवर बोटभर तेल हवं. रोज एकदा कोरड्या चमच्यानं खालवर कर पण तेल वर आल्यावर, आधी नको. फेस किंवा आंबूस वास आला तर मात्र खाऊ नकोस, मला सांग, पैसे परत करीन.

तिनं विचारलं, मग आत्ता रेटिंग देऊ की नंतर? म्हटलं नंतर दे गं, पानात घेशील तेव्हा दे.

"बरं काकू," म्हणाली. कसं लागलं ते अजून कळलेलं नाहीच, आणि अजून आठवडाभर तरी कळणार नाही. मला वाटलं होतं मी पुन्हा फोन घेऊन बसेन, पण तशी बसले नाही, उरलेल्या कैऱ्यांच्या बरणीत कोरडा चमचा घालून एक फोड काढली आणि कापून बघितली. माझ्याकडची पण मधे कोरीच आहे, तिच्याएवढीच.

संध्याकाळी मृणालला सांगितलं की लेबलवर भरल्याची तारीख आहे तशी उघडायची तारीख पण टाकायची, आणि किमतीपेक्षा मोठ्या अक्षरात. ती म्हणते जागा कुठाय, वजन, घटक, बेस्ट बिफोर, तो परवान्याचा 14 आकडी नंबर, हिरवा ठिपका, सगळं त्याच चौकोनात बसवलंय. म्हटलं मग पेजचं नाव लहान कर.